फोटोतला ठोकळा ओरिजिनल की डुप्लिकेट?

‘ओरिजिनल लेगो, अंदाजे दोन किलो, मुलगा मोठा झाल्यामुळे देणे आहे.’ जुन्या वस्तूंच्या ॲपवर अशी जाहिरात येते, खाली तीन-चार फोटो असतात. विकणारा पुण्यात, घेणारा नागपुरात. ठोकळे हातात घेऊन बघायची सोय नाही, आणि ओरिजिनल व डुप्लिकेट यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक. अशा वेळी फोटोवरून काय ठरवता येतं आणि काय ठरवता येत नाही, ते नीट समजून घेऊ. लोक सहसा रंगावरून किंवा खोक्यावरून निकाल देतात. माझ्या मते या दोन्ही खुणा दुय्यम आहेत. पहिली नजर ठोकळ्याच्या डोक्यावर जायला हवी.

ठोकळ्याच्या वर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात. लेगोच्या प्रत्येक भरीव स्टडवर कंपनीचं चार रोमन अक्षरांचं नाव साच्यातूनच उमटलेलं असतं. डुप्लिकेट बनवणाऱ्याला हे नाव टाकणं तांत्रिकदृष्ट्या जड नाही. जो साचा आठ स्टड काढू शकतो, तो त्यांवर अक्षरंही काढू शकेल. तरी बहुतेक कारखाने ते टाकत नाहीत, आणि त्यामागचं कारण कायद्यात आहे.

स्टड वर आणि पोकळ नळ्या खाली, अशी एकमेकांत घट्ट बसणारी रचना लेगोने २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी दाखल केली. पेटंटला मुदत असते आणि ती कधीच संपली. त्यानंतर ठोकळ्याचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क आहे, असा दावा कंपनीने करून पाहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. आकार जोडणीच्या कामासाठी आहे, त्यामुळे त्यावर कायमची मालकी मिळणार नाही, असं त्या निकालांचं सार. म्हणून लेगोत बसणारा ठोकळा कुणीही बनवून आपल्या नावाने विकू शकतो. पोलंडची कोबी कंपनी तेच करते आणि स्टडवर स्वतःचं नाव टाकते. असा ठोकळा लेगो नसला तरी नकली नव्हे. (लेगोचे सुरुवातीचे ठोकळेही ब्रिटनमधल्या किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांवरून घेतलेले होते, हे इथे सांगायला हवं.)

‘लेगो’ हे नाव मात्र आजही जिवंत ट्रेडमार्क आहे. आकार उचलला तर वाद घालता येतो, नाव उमटवलं तर बचावच उरत नाही. चीनच्या शांतोऊमधल्या लेपिनने लेगोचे अख्खे संच, सूचनापुस्तिका आणि खोक्यांवरची चित्रंसुद्धा उचलली, पण स्टड कोरे ठेवले. तरीही ती सुटली नाही. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घातले आणि २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने मुख्य आरोपीला कॉपीराइटभंगाबद्दल सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआन दंड सुनावला. इतक्या धाडसी नक्कलकारानेही जिथे हात आखडता घेतला, ती जागा म्हणजे स्टड. म्हणून त्याची साक्ष मोठी.

आता फोटोकडे येऊ, कारण खरी गफलत इथेच होते. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर असतो आणि त्यावर चार अक्षरं, म्हणजे एकेक अक्षर जेमतेम एक मिलिमीटर रुंद. शिवाय ती ठोकळ्याच्याच रंगाची असतात. फक्त उंचवट्यामुळे, सावलीमुळे दिसतात. समजा, फोटोत आडवी चाळीस सेंटिमीटर जागा आली आहे आणि मोबाइलने आडवे चार हजार पिक्सेल टिपले आहेत. म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल, एका स्टडला साधारण पन्नास. फोकस नीट असेल तर अक्षरं वाचता येतात. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात आला की मोठी बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते. आता स्टडला वीससुद्धा पिक्सेल उरत नाहीत आणि अक्षरांचा लगदा होतो. अशा फोटोत नाव दिसलं नाही म्हणून ठोकळा कोरा ठरत नाही. फोटोत नाव नाही आणि ठोकळ्यावर नाव नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या ओरिजिनल मालावर डुप्लिकेटचा शिक्का बसतो तो बहुतेक वेळा या गोंधळातून.

म्हणून विकणाऱ्याकडे फोटो मागताना नेमकं सांगावं. आठ-दहा ठोकळे स्टड वर करून एका ओळीत ठेवा. मोबाइल एक वीतभर अंतरावर धरा, स्क्रीनवर स्टडलाच बोट लावून फोकस करा. फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने, खिडकीतून तिरका येऊ द्या. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आक्रसत नाही. समोरून पडणारा फ्लॅश सावल्या पुसून टाकतो आणि खऱ्या ठोकळ्याचे स्टडही गुळगुळीत भासतात. तिरक्या उजेडात अक्षरं पुरती वाचता आली नाहीत तरी एक गोष्ट कळते. कोऱ्या स्टडवर प्रकाशाचा एकच सलग, स्वच्छ डाग पडतो. अक्षरं असलेल्या स्टडवर तोच डाग तुटतो, खडबडीत होतो. सरावाने हा फरक बऱ्यापैकी धूसर फोटोतही ओळखू येतो.

या नियमाला अपवाद आहेत. ज्या भागांना स्टडच नाहीत, म्हणजे गुळगुळीत टाइल, बिनस्टडची उतरती कौलं, टेक्निक मालिकेतल्या भोकांच्या पट्ट्या, त्यांवर वर नाव शोधून उपयोग नाही. मधोमध भोक असलेल्या पोकळ स्टडवरही नावाला जागा नसते. अशा भागांचं नाव खाली किंवा आत असतं. त्यामुळे फोटोत फक्त टाइल आणि टेक्निकचे भाग असतील, तर तो फोटो स्टडच्या दृष्टीने काहीच सांगत नाही.

इथे साच्याच्या खुणा कामाला येतात. ठोकळा उलटा केला की आतल्या बाजूला बारीक मजकूर दिसतो: कंपनीचं नाव, त्या आकाराचा क्रमांक, आणि साच्यातल्या कोणत्या खणातून हा तुकडा निघाला ते सांगणारे आकडे. दोन बाय चारच्या नेहमीच्या ठोकळ्याचा आकार क्रमांक ३००१ आहे. खणाचे आकडे कारखान्याच्या सोयीसाठी असतात. एका खणातून सदोष माल निघू लागला तर नेमका तोच सापडावा म्हणून. आपल्याला त्यांचा उपयोग वेगळाच होतो. एकाच आकाराचे दहा ओरिजिनल ठोकळे उलटे केले तर हे आकडे सहसा निरनिराळे निघतात. नुसते आकडे असून नाव नसेल, तर मात्र त्याचा काही अर्थ नाही, कारण डुप्लिकेटवाल्यांच्या साच्यांनाही खणांचे आकडे असतात. उलट, फार जुन्या ओरिजिनल ठोकळ्यांवर आकार क्रमांक सापडत नाही, म्हणून त्याच्या अभावावरून जुना माल बाद करू नये.

साचा आणखीही बोलतो. ठोकळे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते वितळवून दाबाने साच्यात भरतात आणि थंड झाल्यावर तुकडा बाहेर ढकलतात. प्लास्टिक जिथून आत शिरतं तिथे एक बारीक टिंब किंवा ओरखडा राहतो. अलीकडच्या बऱ्याच लेगो भागांत हे टिंब स्टडच्या माथ्यावर अक्षरांमध्ये लपवलेलं असतं. स्वस्त नकलांत ते बाजूच्या भिंतीवर उघडं पडतं, कधी बोटाला टोचेल इतकं. साच्याचे दोन भाग नीट मिटत नसतील तर कडेला पातळ पापुद्रा निघतो. दाबून ठेवायला पुरेसा वेळ दिला नाही तर जाड जागी प्लास्टिक आक्रसतं आणि भिंतीवर उथळ खळगा पडतो. तिरक्या उजेडातल्या फोटोत खळगा चटकन दिसतो, कारण सपाट भिंतीवरची चमक तिथे वाकते. या खुणा घाईत आणि कमी खर्चात केलेलं काम दाखवतात. मात्र आजकाल चीनमधले काही कारखाने इतकं सफाईदार काम करतात की पापुद्रा, खळगा काही सापडत नाही. म्हणजे खळगा दिसला तर संशय वाढतो, पण नाही दिसला तर संशय कमी होत नाही.

रंगाबद्दल मी सर्वांत सावध असतो. मोबाइल प्रत्येक फोटोचा पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा ठोकळा क्रीम दिसतो, ढगाळ उजेडात करडा निळसर होतो. त्यात लेगोने स्वतःच रंग बदललेले आहेत. २००४ च्या सुमारास जुना पिवळसर झाक असलेला करडा रंग जाऊन त्याजागी निळसर करडा आला, तपकिरीही बदलला. त्यामुळे नव्वदच्या दशकापासून जमत आलेल्या डब्यात दोन प्रकारचे करडे असणारच, आणि नवखा माणूस त्यातला एक प्रकार डुप्लिकेट समजून बाजूला काढतो. उन्हाने पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात. तेही ओरिजिनलच असतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या सुट्या मिनिफिगर मालिकांमधले सुरुवातीचे बाहुले चीनमध्ये बनले होते आणि त्यांचं प्लास्टिक थोडं अर्धपारदर्शक भासतं. ते पाहून अनेकांनी खरे बाहुले नकली ठरवले.

मग रंग पूर्ण सोडून द्यायचा का? नाही. दोन ठिकाणी तो उपयोगी पडतो. एक म्हणजे तुलना एकाच फोटोत करावी: खात्रीचा एक ठोकळा आणि संशयाचा त्याच रंगाचा ठोकळा शेजारी, खाली कोरा पांढरा कागद. उजेड दोघांवर सारखाच पडलेला असतो, म्हणून फरक दिसला तर तो ठोकळ्यांतला असतो. दुसरा उपयोग झाकेचा नसून यादीचा आहे. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर लेगोचा कोणता आकार कोणत्या रंगांत निघाला याची मोठी सूची आहे. फोटोत एखादा ठळक आकार अशा रंगात दिसला, ज्या रंगात लेगोने तो कधी काढलाच नाही, तर तो तुकडा जवळजवळ नक्कीच दुसऱ्या कुणाचा आहे. ‘हा लाल जरा वेगळा वाटतो’ यापेक्षा ही कसोटी कितीतरी भक्कम, कारण ती डोळ्याच्या अंदाजावर टिकून नाही.

खोक्याची छपाई वाचायला शिकण्यासारखी आहे. लेपिनने स्टार वॉर्सच्या खोक्यांवर ‘वॉर्स’ या रोमन शब्दातला ए काढून तिथे एन घातला होता. दुरून सगळं तेच वाटतं, जवळून वाचलं तर शब्दाला अर्थ नाही. ही चूक नव्हती, नावाच्या ट्रेडमार्कपासून अंग चोरण्याचा प्रयत्न होता. म्हणून खोक्यावरचं मोठं नाव अक्षर-अक्षर वाचावं. मग खालची बारीक ओळ पाहावी. डिस्ने, लुकासफिल्म, मार्व्हल अशा कंपन्यांची पात्रं असतील तर हक्कधारकाचा उल्लेख तिथे असतो. नक्कलेत ही ओळ बहुधा गायब असते.

त्याहून खोल खूण छपाईच्या तंत्रात आहे. मूळ खोक्यासाठी बारीक काळा मजकूर संगणकावर अक्षरं म्हणून तयार होतो आणि एकट्या काळ्या शाईने छापला जातो. त्याची कड स्वच्छ असते. नक्कलकाराकडे मूळ फाइल नसते, तो खोकं स्कॅन करतो. स्कॅनमध्ये मजकूर म्हणजे चित्राचाच एक भाग. पुन्हा छापताना ती काळी अक्षरं निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची बनतात. त्यांच्या कडा विस्कटतात आणि भोवती रंगीत झालर दिसते. मूळ छपाईचे ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांवर पडल्याने सपाट रंगात लाटांसारखी जाळीही उमटते. वय, तुकड्यांची संख्या आणि बारीक कायदेशीर ओळ यांचा जवळून फोटो मागवला तर हे दिसतं. लाटांबाबत एक खबरदारी घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर फोटो लहान-मोठा करताना तशाच लाटा फसव्याही दिसतात, म्हणून मूळ फाइल पूर्ण मोठी करून बघावी.

‘मेड इन चायना’ वाचून मात्र घाबरू नये. लेगोचा स्वतःचा कारखाना चीनमधल्या जियाशिंगला आहे, शिवाय डेन्मार्क, हंगेरी, चेकिया, मेक्सिको आणि आता व्हिएतनाममध्येही. भारतात विकलेल्या खोक्यांना एक जादा खूण मिळते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि त्यासोबत परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावे आहे ते समोर येतं. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा त्याआधी घेतलेल्या खोक्यावर हे चिन्ह नसणं साहजिक आहे. आणि खोकं शंभर टक्के खरं ठरलं तरी ते फक्त खोक्यापुरतं. खऱ्या रिकाम्या खोक्यात डुप्लिकेट माल भरून विकणारेही आहेत.

आता सुरुवातीची ती दोन किलोंची जाहिरात घेऊ. समजा, चार फोटो आहेत. पहिल्यात डबा वरून दिसतो: लाल, पिवळे, दोन छटांचे करडे ठोकळे. स्टड धूसर आहेत. यातून निकाल काही नाही. दोन करडे ही तर किंचित अनुकूल बाजू, कारण माल २००४ च्या आधीपासूनचा असू शकतो. दुसऱ्या फोटोत बारा ठोकळे जवळून, तिरक्या उजेडात. नऊ स्टडयुक्त ठोकळ्यांवर अक्षरं स्पष्ट, दोन टाइल, आणि एका निळ्या ठोकळ्याच्या स्टडवर सलग चमक, भिंतीवर खळगा. तिसऱ्यात स्पेसशिपचं खोकं, नाव आणि बारीक ओळ ठीक. चौथ्यात पाच मिनिफिगर उभे.

निळा ठोकळा लेगोचा नाही, हे झालं. टाइलबद्दल उलटा फोटो मागायचा. खोकं खरं, पण त्यातला संच डब्यात आहे का हे वेगळं तपासावं लागेल. मुख्य प्रश्न उरतो तो डब्याच्या तळाचा. वरचे बारा ठोकळे विकणाऱ्याने निवडलेले आहेत, आणि माणूस चांगलेच वर ठेवणार. म्हणून त्याला सांगायचं की डबा चादरीवर उपडा करा आणि तळातून डोळे मिटून तीस तुकडे काढून त्यांचा फोटो पाठवा. तीसच का? डब्यात दहा टक्के डुप्लिकेट असतील, तर दहा तुकड्यांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते. तीस तुकड्यांत ती चार टक्क्यांवर येते. समजा, तिसांतले सहा कोरे निघाले. मग डब्याचा साधारण पाचवा भाग बाहेरचा आहे असं धरून भाव बोलायचा, पूर्ण ओरिजिनलचा नाही. अंदाज ढोबळ आहे, पण ‘वाटतं तर ओरिजिनल’ यापेक्षा तो बोलणीत टिकतो.

मिनिफिगरचं गणित निराळं, कारण एका बाहुल्याची किंमत अख्ख्या डब्याहून जास्त असू शकते. स्टार वॉर्स मालिकेतल्या २००३ च्या क्लाउड सिटी संचातला, हातापायांवर छपाई असलेला बोबा फेट हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. डोकं काढून मानेच्या खुंटीचा फोटो मागावा, तिथे कंपनीचं नाव असतं. पाय वेगळे करून कमरेवरच्या स्टडचाही मागावा. पण इथे स्टडची साक्षही अपुरी पडते. काही लोक लेगोचंच कोरं धड घेतात आणि त्यावर दुर्मिळ बाहुल्याची छपाई करतात. प्लास्टिक खरं, मानेवरचं नाव खरं, छपाई तेवढी खोटी. लेगोची छपाई मऊ पॅडने शाई उचलून ठेवणारी असते; तिचा थर पातळ आणि कड रेखीव. घरगुती यूव्ही प्रिंटरची शाई जाड बसते आणि तिरक्या उजेडात छपाईला उंची असल्यासारखी कडेला सावली पडते. म्हणून अशा बाहुल्याचा समोरून एक आणि अगदी आडवा, छातीच्या पृष्ठभागाला समांतर असा एक फोटो मागावा. दुसरा फोटो द्यायला विकणारा तयार नसेल, तर दुर्मिळ बाहुल्याचा भाव देऊ नये. साध्या मिनिफिगरच्या भावात मिळाला तरच घ्यावा.